कोरडं वाक्य आजीच्या तोंडी घालताना : बहात्तरच्या दुष्काळाचं एक उदाहरण

तुमच्या कथेला एक माहिती हवी आहे आणि ती वहीत अशी टिपलेली आहे :

‘१९७२-७३च्या दुष्काळात माण तालुक्यातील अनेक स्त्रियांनी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडली.’

वाक्य खरं आहे. अहवालात किंवा शाळेच्या पुस्तकात शोभेल असं आहे. पण कथेत ही गोष्ट आजी नातीला सांगणार आहे, आणि तिथे हे वाक्य जसंच्या तसं चालणार नाही, हे लिहिणाऱ्याला कळतं. मग पहिल्या झटक्यात बहुतेक जण असं लिहितात :

‘पोरी, बहात्तरच्या दुस्काळात मान तालुक्यातल्या लई बायांनी सरकारी कामावर खडी फोडली व्हती बघ.’

हे आजीचं वाक्य नाही. अहवालाच्या वाक्याला नुसतं लुगडं नेसवलंय. ओळखायची खूण सोपी आहे : ‘दुस्काळ’चं ‘दुष्काळ’ करा, ‘व्हती’चं ‘होती’ करा, ‘पोरी’ आणि ‘बघ’ काढून टाका. खाली काय उरतं? तेच वहीतलं वाक्य. खऱ्या आजीचं बोलणं प्रमाण मराठीत लिहून काढलं तरी ते आजीचंच राहतं, कारण त्यातली माहितीच वेगळ्या जागेवरून आलेली असते. म्हणून बोलीला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधीचं काम मोठं आहे.

आधी तिची जागा ठरवा

वहीतलं वाक्य कुणी पाहिलेलं आहे? कुणीच नाही. ‘माण तालुक्यातील अनेक स्त्रिया’ हे दृश्य बघायला नकाशाच्या वर तरंगावं लागेल. सातारा जिल्ह्यातल्या दहिवडी-म्हसवडकडच्या वाडीत राहणारी बाई आपल्या तालुक्याचं नाव कशाला घेईल? ती ‘आपल्याकडं’ म्हणेल, ‘वाडीतल्या समद्या’ म्हणेल, नाहीतर सरळ चार जणींची नावं घेईल. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा तुम्हाला माहीत असावा, पण आजीला तो माहीत असण्याचं कारण नाही. तिला शेजारी बसून दगड फोडणारी बाई माहीत आहे.

म्हणून कथेत येवो न येवो, आजीचा जमाखर्च आधी मांडून घ्या. माझ्या उदाहरणात कथा २०२३ साली घडते, नात सतरा वर्षांची आहे, आणि तिचा बाप १९७३च्या आषाढात जन्मला, म्हणजे तो आता पन्नाशीचा. आजी तेव्हा बावीस वर्षांची होती, आता बहात्तर. ही बेरीज-वजाबाकी कागदावर करा. नव्या कथांमध्ये सर्रास दिसतं, की साठीतली आजी बहात्तर साली दोन लेकरांची आई असते, आणि वाचणारा एकदा बोटं मोजायला लागला की कथा हातची गेली. मग घर : थोडी कोरडवाहू जमीन, आटलेली विहीर, एक बैलजोडी, सासू आणि एक लहानगी मुलगी. नवरा मुंबईला हमालीला गेलेला. माणच्या माणसांनी मुंबईची वाट धरणं काही नवं नव्हतं, म्हणून हा तपशील विश्वासाचा वाटतो आणि बाईला कामावर एकटं जावं लागण्याचं कारणही आपोआप मिळतं.

आता वहीतल्या माहितीचे तीन ढीग करा. तिने स्वतः पाहिलेलं, तिने दुसऱ्याकडून ऐकलेलं, आणि तिला ठाऊकच नसलेलं. पहिल्या ढिगातलं ती छातीठोकपणे सांगेल. दुसऱ्या ढिगातलं सांगताना आपल्या बायका न चुकता ‘म्हणं’ घालतात : ‘अमेरिकेत म्हणं ती जवारी डुकरास्नी घालत्यात.’ रेशनवर तेव्हा मिळणाऱ्या लाल मिलोबद्दल असं बोललं जायचं. ती ज्वारी बाहेरून आली होती हे खरं. डुकरांचं मात्र आजीच्या खात्यावर, ‘म्हणं’ लावून. लेखकाला हे फार सोयीचं आहे, कारण जे ठाम सांगता येत नाही ते आजीच्या तोंडी ऐकीव म्हणून घालता येतं. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. योजनेचं नाव, कायदा, एकूण खर्च हे त्या ढिगात. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, तो अमलात आला १९७९मध्ये. बहात्तरच्या खडीकामाला आजीने ‘रोजगार हमी’ म्हटलं, तर जाणता वाचक तिथेच अडतो. (खरी आजी पुढची आणि मागची कामं गोळा करून तसं म्हणूही शकते. पण मग ती गल्लत तिची आहे, तुमची नाही, हे कथेत कुठेतरी कळायला हवं.)

साल काढा, काळ ठेवा

‘१९७२-७३’ला आजीच्या कॅलेंडरमध्ये जागा नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे नाव मात्र खेड्यापाड्यांत रुळलेलं आहे, ते ती घेईल. त्यापलीकडे तिचा काळ मोजला जातो तो सणांनी, पोटातल्या पोरांनी, घरातल्या मरणांनी आणि गोठ्यातल्या जनावरांनी.

इथे प्रदेशाकडे लक्ष द्या. सातारा-सांगलीकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढात येतो. नगर-मराठवाड्याकडे पोळा, तो श्रावणी अमावास्येला. माणच्या आजीच्या तोंडी पोळा घातला तर शब्दही चुकतो आणि महिनाही. बेंदूर हाताशी आला की केवढं काम होतं बघा. १९७२चा पाऊस रुसला. आषाढात लोकांना अजून आशा होती, बैल दावणीला होते. पुढचे महिने कोरडे गेले, वैरण संपली, आणि गुरं मिळेल त्या भावाला बाजारात गेली. ही सगळी चढण आजी एका वाक्यात सांगते :

‘बेंदराला बैलं व्हती, दिवाळीला नुसती दावण.’

यात साल नाही, पर्जन्यमान नाही, ‘पशुधनाची हानी’ नाही. तरी जुलै ते नोव्हेंबर असा काळ आला, आणि नुकसान नुसतं सांगितलं गेलं नाही, दिसलं. पुढची खूण पोटाची : ‘चैतात कामावर लागले तवा तुजा बाप पोटात.’ १९७३चा चैत्र आणि आषाढातला जन्म यांचा मेळ वरच्या जमाखर्चाशी बसतो का, ते लगेच पाहून घ्या. चैत्रात सहावा महिना, तर आषाढात नववा. बसतो.

मोजमापं तिच्या हातातली हवीत

दुष्काळी कामावर खडीचा ढीग मोजून पैसे मिळायचे. अहवालात हे माप ब्रासमध्ये लिहिलेलं सापडेल, म्हणजे १०० घनफूट. आजी ‘ब्रास’ हा शब्द ऐकून असेल, मुकादमाच्या तोंडून. पण तिला ढिगाची उंची आठवते ती अंगाला लावून : ‘माज्या मांडीइतका ढीग झाला की मुकादम यायचा.’ अंतर कोसात, किंवा ‘दिस उगवंपातूर चालायचं’ असं. धान्य पायली, शेर, मापटं, चिपटं यांत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा हिशेब तुम्हाला येत असला, तरच ती मापं वापरा. ‘घरात दोन पायल्या जवारी उरली’ असं लिहून पुढच्या पानावर तीच ज्वारी चार माणसांना वर्षभर पुरवली, तर कधीकाळी ज्वारी मोजलेला वाचक हसेल.

एखादी गोष्ट मात्र अगदी जवळून दिसली पाहिजे, आणि ती ‘खडी फोडली’ या क्रियापदातच दडलेली आहे. खडी फोडणं म्हणजे नक्की काय? बाई उन्हात जमिनीवर बसते. मोठा दगड पुढे. एका हाताने तो धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडा. दगड सटकतो, म्हणून धरणाऱ्या हाताचीच बोटं ठेचतात. त्यांना चिंध्या गुंडाळायच्या. कपरी उडतात त्या डोळ्यांकडे, म्हणून घाव पडायच्या क्षणी डोळे मिटायचे. आणि डोळे मिटले की घाव चुकतो. ही कोंडी आजीला पन्नास वर्षांनीही आठवेल. ‘खूप कष्ट होते’ हे वाक्य लिहायची मग गरजच पडत नाही, आणि ते आजीच्या तोंडी येऊही देऊ नये. कष्ट शब्दाने सांगणारी आजी भाषण करत असते.

आता वाक्य मोडा

खरा फरक इथे पडतो. लिहिलेल्या मराठीत क्रियापद शेवटी जाऊन बसतं आणि सगळी विशेषणं त्याच्या आधी रांग लावतात. बोलणारी बाई आधी मुख्य गोष्ट टाकून मोकळी होते आणि मग मागाहून जोडत जाते. ‘गेले मी. पोट घेऊन गेले. सासूला न सांगता गेले पयल्या दिवशी.’ वहीतल्या वाक्याचा कर्ता, स्थळ आणि काळ असे सुटे होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा ठोका मिळतो.

दुसरी गोष्ट काळाच्या रूपांची. रोज घडणारी गोष्ट सांगायला छापील मराठीत ‘ती जाई, ती आणी’ अशी रूपं येतात. आजीच्या तोंडी ती टाळा, ती पुस्तकात राहिली. ती ‘जायची, आणायची’ म्हणेल. आणि वैताग किंवा शीण सांगायचा असला, तर आपल्या बायका एक वेगळंच रूप वापरतात : ‘पाटंचं उठावं, भाकरी बांधावी, पोरगी सासूच्या मांडीवर टाकावी, वाट धरावी.’ यात कर्ता गळून पडतो. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, नुसती कामांची रांग. वहीतल्या ‘अनेक स्त्रियांनी’ला आजीचं उत्तर हे आहे. अनेकजणी होत्या हे ती आकड्याने सांगत नाही; कर्ता काढून टाकते, आणि ते एकटीचं आणि सगळ्यांचं एकदमच होतं.

मग एखादा प्रसंग आला की ती सरळ वर्तमानात उडी मारते : ‘मी बसलीय आपली मान खाली घालून, आन् मुकादम येतो.’ ही उडी एका सांगण्यात एकदाच, फार तर दोनदा. मुद्द्याच्या क्षणी. सगळंच वर्तमानात लिहिलं तर उडीची उडी राहत नाही.

‘बाई’, ‘गं’, ‘की’, ‘आपलं’, ‘बघ’ हे अव्ययांचे दाणे नवा लिहिणारा मूठ भरभरून पेरतो. प्रत्येकाला काम असतं. ‘की’ने बाई समोरच्याला साक्षीला घेते (‘बैलंच न्हवती की’). ‘आपलं’ म्हणताना ती स्वतःचं लहानपण दाखवते. ‘बाई’ बहुतेकदा श्वास घ्यायला येतं. काम नसेल तिथे काढून टाका. म्हणीचंही तेच. एका कथेत एक म्हण पुरे, आणि तीही झिजलेली नको. दर दोन वाक्यांनी म्हण फेकणारी आजी दूरदर्शनच्या जुन्या मालिकेतून आलेली वाटते.

आणखी एक : ती नवऱ्याचं नाव घेणार नाही. नातीशी बोलताना तो ‘तुजा आजा’. सासू ‘आत्याबाई’. शेजारीण नावाने, पण मागे नातं लावून. मुकादमाला ती नाव देणारच नाही, तो शेवटपर्यंत मुकादमच.

ती हे आत्ता का सांगते आहे?

हा प्रश्न सुटला नाही, तर वरचं सगळं करूनही आजी माहितीपटातल्यासारखी कॅमेऱ्याकडे बघून बोलेल. आठवण निघायला समोर काहीतरी लागतं. माझ्या कथेत नात ताटात भाताचे चार घास टाकून उठते. यातला धोका म्हणजे आजी लगेच उपदेश सुरू करेल : ‘आमच्या येळंला अन्न मिळत न्हवतं.’ तो रस्ता घासून गुळगुळीत झालाय. म्हणून तिला भलतीकडूनच सुरू होऊ द्या. ती ताटाकडे बघते आणि सुकडीचं बोलते. कामावरच्या माणसांना सरकारकडून सुकडी मिळायची, गोडसर, पौष्टिक पिठासारखी. बायका ती जागेवर न खाता पदराला बांधून पोरांसाठी घरी न्यायच्या. ही आठवण त्या पिढीत घरोघरी आहे, म्हणूनच ती नुसती सांगून भागत नाही, तिला या बाईची स्वतःची एक गाठ हवी.

बोली सगळ्यात शेवटी

माणची बोली लिहायची म्हणून प्रत्येक शब्द वाकवू नका. चार-पाच खुणा धरा आणि त्या शेवटपर्यंत सोडू नका. मी इथे धरलेल्या : होतं-चं ‘व्हतं’, नाही-चं ‘न्हाई’, तेव्हा-चं ‘तवा’, तुझा-माझा-चं ‘तुजा-माजा’, आणि मुलांना-चं ‘पोरास्नी’. ण-चा न करायचा मोह बराच आवरला आहे. तो बोलण्यात असतो, पण पानावर सगळीकडे केला तर वाचणारा शब्द सोडवत बसतो. एका पानावर ‘व्हतं’ आणि पुढच्या पानावर ‘होतं’ असं झालं की आवाज फुटतो. त्याहून वाईट म्हणजे सरमिसळ : माणच्या आजीच्या तोंडी वऱ्हाडचं ‘जाऊन राहिली’ किंवा कोकणातलं ‘खंय’. कानावर ज्या भागाची बोली नाही, तिथली आजी घेऊ नका. आपल्या घरातल्या बोलीची घ्या. प्रमाण मराठी बोलणारी आजीही आजीच असते.

आता सगळं एकत्र :

‘सुकडी ठाव हाय का तुला? न्हाई. कुटनं असणार. बेंदराला बैलं व्हती, दिवाळीला नुसती दावण. तुजा आजा मुंबैला गेलेला, त्याचा कागुद न्हाई का पत्तर न्हाई. चैत लागला आन् आमच्या वाटेवर सरकारनं काम काढलं. गेले मी. तुजा बाप पोटात, तरी गेले. पाटंचं उठावं, भाकरी बांधावी, आक्का आत्याबाईंच्या मांडीवर टाकावी, वाट धरावी. बोटास्नी चिंध्या गुंडाळायच्या, ह्या अशा, आन् बसायचं ठोकत. कपरी उडायची बघ डोळ्यावर. डोळं मिटलं की घाव चुकायचा, उघडं ठेवलं की डोळा जायचा. शेजारची पारूमामी एका डोळ्यानं फोडायची, दुसरा मिटून. हसायचो आमी तिला. दुपारी सुकडी वाटायचे. कोण खातंय तिथं? पदराला गाठ मारायची. एक दिस मी बसलीय आपली गाठ मारत, आन् मुकादम येतो. म्हनतो, बाई, हितंच खायाची, घरी न्ह्यायाची न्हाई. मी म्हनलं, खाती की. आन् पोटाला हात लावला. गेला गुमान.’

वहीतल्या वाक्यातलं काय उरलं ते ताडून पाहा. दुष्काळ आहे, पण शब्द नाही. माण नाही. ‘अनेक स्त्रिया’ आहेत, ‘हसायचो आमी’ यात. ‘सरकारी’ आहे, एकदाच. खडी हा शब्दही गळला, नुसतं ‘ठोकत’ आणि ‘फोडायची’ राहिलं, तरी काय फोडायची ते कपरीवरून समजतं. नव्या वाचकाला नाहीच समजलं असं वाटलं, तर ‘खडी’ एकदा घाला. त्याने काही बिघडत नाही. ‘ह्या अशा’ म्हणताना आजी हात पुढे करते आहे. तो हात निवेदनात वेगळा लिहायची गरज नाही. शेवटी ती अर्थ सांगत नाही. मुकादमाला तिने खोटं सांगितलं की खरं, हे नातीने ठरवायचं.

हे मोठ्याने वाचून बघा, शक्यतो घरातल्या कुण्या म्हाताऱ्या बाईसमोर. जिथे तुमचा श्वास अडतो तिथलं वाक्य अजून लिहिलेलं आहे, बोललेलं नाही. आणि ती मध्येच ‘न्हाई गं, असं न्हवतं’ म्हणाली, तर लेखणी तिच्याकडे द्या.

बाई बदलली की तीच माहिती पार वेगळी होते. पुण्याच्या पेठेतली, नोकरदाराची बायको असलेली आजी खडी फोडायला गेलेली नाही. तिचा दुष्काळ रेशनच्या रांगेत आहे : ‘मिलोची भाकरी म्हणजे काय सांगू तुला, तांबडी लाल, आणि थापताना कडा फुटायच्या. तुझे आजोबा एक शब्द बोलायचे नाहीत, पण दुसरी घ्यायचे नाहीत.’ इथे बोली जवळजवळ नाही, तरी वहीतलं वाक्य मोडलेलं आहे. मात्र खडी फोडणाऱ्या बायकांचं या आजीच्या तोंडून सांगायचं असेल, तर ते ऐकीवच असणार. मोलकरणीने सांगितलेलं, किंवा पेपरात फोटो पाहिलेला. ती जागा सोडून तिला उन्हात नेऊन बसवू नका.

राहिला प्रश्न सालाचा. आजच्या सतरा वर्षांच्या वाचकाला बेंदूर आणि सुकडीवरून १९७३ कळेलच असं नाही. ते आजीवर लादू नका. कथेचं निवेदन नातीकडे असेल, तर ती प्रमाण मराठीत एका ओळीत सांगू शकते : ‘बाबांच्या दाखल्यावर जन्मसाल १९७३ आहे.’ आजीचं बोलणं संपल्यानंतर ही ओळ टाका, आधी नको. आधी टाकली तर वाचक तारीख हातात धरून आजीला तपासत बसतो. निवेदन तिसऱ्याच कुणाचं असेल, तर भिंतीवरचा फोटो, दाखला किंवा मुंबईहून उशिरा आलेल्या मनीऑर्डरच्या पावतीवरचा शिक्का हे काम करतो. कथाभर एकदाच, आणि आजीच्या परिच्छेदाच्या बाहेर.